थोड्या घरांवरून जिल्ह्याचा अंदाज : लघुक्षेत्र अंदाजाची रीत

शितावरून भाताची परीक्षा करावयाची ही रीत घरोघरी चालत आलेली आहे, आणि नमुना पाहणीचे शास्त्रही मुळात याच रीतीवर उभे आहे. मात्र या म्हणीत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. हंडी एकच असून तीतील भात सर्वत्र सारखाच शिजत असतो. जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबांची स्थिती तशी नसते. कालव्याखालचे गाव व माळरानावरचे गाव, बागाईतदार व कोरडवाहू शेतकरी, सोसायटीचे कर्ज घेणारा व सावकाराकडे जाणारा, हे सारे एकाच जिल्ह्यात असतात. अशा जिल्ह्यातील दहा-पंधरा कुटुंबेच पाहणीत आली असतील, तर त्यांवरून जिल्ह्याचा आकडा काढणे कितपत योग्य, आणि तसा आकडा हवाच असेल तर तो कोणत्या रीतीने काढावा, याचा विचार या लेखात केला आहे.

राष्ट्रीय नमुना पाहणीची ७७ वी फेरी २०१९ साली झाली. तीत ग्रामीण भागातील कुटुंबांची जमीन, पशुधन, शेतीचे उत्पन्न व कर्ज यांची माहिती घेण्यात आली. सर्व देशात सुमारे ५,९४० गावे निवडण्यात आली व पहिल्या भेटीत सुमारे ५८ हजार कुटुंबांकडून माहिती मिळाली. देशातील शेतकरी कुटुंबांपैकी ५०.२ टक्के कुटुंबे कर्जबाजारी आहेत, असा त्या पाहणीचा निष्कर्ष होता. देशासाठी आणि मोठ्या राज्यासाठी एवढी कुटुंबे पुरतात. परंतु त्या वेळी देशात सातशेहून अधिक जिल्हे होते. ५,९४० गावे त्यांत वाटली, तर एका जिल्ह्याच्या वाट्यास सरासरीने आठ-नऊच गावे येतात आणि लहान जिल्ह्यांच्या वाट्यास त्याहूनही कमी. पतपुरवठ्याचा आराखडा तर जिल्हावार व्हावयाचा असतो. म्हणून राज्यासाठी आखलेल्या पाहणीतून जिल्ह्याचा आकडा मागितला जातो, आणि अडचण तेथूनच सुरू होते.

सोळा कुटुंबांचा आकडा

ही अडचण नीट कळावी म्हणून एक कल्पित जिल्हा घेऊ. समजा, या जिल्ह्यातील दोन गावे पाहणीत आली व प्रत्येक गावात आठ, मिळून सोळा शेतकरी कुटुंबांकडे पाहणी करणारा कार्यकर्ता गेला. सोळांपैकी अकरा कुटुंबांवर कर्ज असल्याचे आढळले. अकरा भागिले सोळा म्हणजे सुमारे ६९ टक्के. केवळ त्या जिल्ह्यातील पाहिलेल्या कुटुंबांवरूनच काढलेल्या अशा आकड्यास 'प्रत्यक्ष अंदाज' असे म्हणतात.

हा अंदाज पक्षपाती नाही, हे प्रथम सांगितले पाहिजे. हीच पाहणी त्याच जिल्ह्यात, दर वेळी नवी गावे व नवी कुटुंबे यदृच्छया निवडून, शेकडो वेळा केली, तर सर्व आकड्यांची सरासरी खऱ्या आकड्यावरच येईल. पण पाहणी एकदाच होते. त्या एका वेळी आकडा खऱ्यापासून किती दूर पडू शकतो, याचे माप म्हणजे 'प्रमाण त्रुटी'. सोळा कुटुंबे जिल्हाभरातून सुटी सुटी निवडली असती, तर ही त्रुटी १२ टक्क्यांच्या आसपास आली असती. प्रत्यक्षात ती दोनच गावांतील आहेत आणि एका गावातील कुटुंबे कर्जाच्या बाबतीत बरीचशी एकमेकांसारखी असतात. गावची सोसायटी चांगली चालत असेल तर बहुतेकांनी तिचे पीककर्ज घेतलेले असते, आणि ती थकबाकीत बुडाली असेल तर कोणासही कर्ज मिळालेले नसते. म्हणून एका गावातील आठवे घर पहिल्या घराइतकी नवी माहिती देत नाही. हे सारखेपण माफक आहे असे धरले तरी त्रुटी १५ टक्क्यांपर्यंत जाते.

साधारणपणे अंदाजाच्या दोन्ही बाजूंस प्रमाण त्रुटीच्या दुप्पट अंतर धरण्याचा प्रघात आहे. म्हणजे या जिल्ह्यातील कर्जबाजारी कुटुंबांचे खरे प्रमाण ३९ ते ९९ टक्के यांमध्ये कोठेही असू शकेल. एवढी गोष्ट तर कोणतीही पाहणी न करता गावच्या पारावर बसूनही सांगता आली असती!

मग अधिक कुटुंबे का पाहू नयेत? असा प्रश्न साहजिकच कोणीही विचारील. त्याचा हिशेब करून पाहावा. प्रमाण त्रुटी १५ वरून अडीच टक्क्यांवर आणावयाची, तर ती सहापट कमी करावी लागते. त्रुटी कुटुंबसंख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते, म्हणून कुटुंबे छत्तीसपट लागतात. सोळा गुणिले छत्तीस म्हणजे सुमारे ५८० कुटुंबे, आणि तीही त्याच प्रमाणात वाढविलेल्या गावांत. मुंबईचे दोन्ही जिल्हे वगळता महाराष्ट्रात ३४ जिल्हे आहेत. त्या प्रत्येकात ५८० म्हटले, तरी वीस हजारांच्या जवळपास कुटुंबे होतात. साऱ्या देशाच्या पाहणीतील कुटुंबांचा हा एक तृतीयांश भाग एकट्या महाराष्ट्रात खर्ची पडेल. शिवाय घाईने भरती केलेल्या कार्यकर्त्यांकडून विचारपूसही वरवरची होते, आणि निवडीतील चूक घटली तरी उत्तरांतील चूक वाढते.

शेजाऱ्याकडून उसने घेणे

दुसरा मार्ग अगदी उलट आहे. जिल्ह्यातील सोळा कुटुंबे बाजूस ठेवावीत आणि सर्व राज्याचा आकडाच त्या जिल्ह्यास लावावा. राज्याचा आकडा हजारो कुटुंबांवरून आलेला असल्यामुळे तो वर्षागणिक फारसा हलत नाही. परंतु त्यामुळे कोकणातील भातशेतीचा जिल्हा व पश्चिम महाराष्ट्रातील उसाचा जिल्हा यांस एकच आकडा मिळतो. तो स्थिर असतो, पण चुकीच्या जागी स्थिर असतो. नेम न चुकणारी पण नळी वाकडी असलेली बंदूक जशी दर वेळी एकाच चुकीच्या ठिकाणी गोळी मारते, तसेच हे होय.

यात एक सुधारणा करता येते. ज्या गोष्टी पाहणीवाचूनच सर्व जिल्ह्यांबद्दल ठाऊक आहेत, त्यांचा आधार घ्यावयाचा. कृषिगणनेवरून ओलिताखालील क्षेत्राचे प्रमाण कळते, पशुगणनेवरून दुभत्या जनावरांची संख्या कळते, आणि जिल्हा बँकेच्या नोंदींवरून पीककर्जाच्या खात्यांची संख्या कळते. या आकड्यांस 'साहाय्यक माहिती' म्हणावे. ती केवळ पाहणीत आलेल्या घरांबद्दल असून चालत नाही, संपूर्ण जिल्ह्याबद्दल असावी लागते. सर्व जिल्ह्यांचे प्रत्यक्ष अंदाज एका बाजूस व ही साहाय्यक माहिती दुसऱ्या बाजूस मांडली, म्हणजे त्या दोहोंतील संबंध दाखविणारी एक रेषा मिळते. खाती अधिक असलेल्या जिल्ह्यात कर्जबाजारी कुटुंबांचे प्रमाण साधारणपणे किती अधिक असते, हे ती रेषा सांगते. एकेक जिल्ह्याचा अंदाज डळमळीत असला तरी चौतीस जिल्ह्यांवरून काढलेली रेषा बरीच स्थिर असते. आपल्या जिल्ह्याची साहाय्यक माहिती तिच्यात घातली की त्या जिल्ह्यासाठी अपेक्षित आकडा मिळतो. समजा, आपल्या कल्पित जिल्ह्यासाठी तो ५२ टक्के आला.

आता हाती दोन आकडे आहेत. सोळा कुटुंबे ६९ म्हणतात आणि रेषा ५२ म्हणते. कोणाचे ऐकावे?

भार कसा ठरतो

प्रतिमानाधारित अंदाजाचे सारे मर्म या प्रश्नाच्या उत्तरात आहे. दोन्हींचे ऐकावयाचे, पण प्रत्येकाच्या विश्वसनीयतेप्रमाणे. त्यासाठी दोन मापे लागतात. पहिले, प्रत्यक्ष अंदाजाची प्रमाण त्रुटी. ती येथे १५ आहे व तिचा वर्ग २२५ होतो. दुसरे, जिल्ह्यांचे खरे आकडे रेषेपासून साधारणपणे किती दूर असतात याचे माप. रेषा कितीही चांगली असली तरी प्रत्येक जिल्ह्याचे असे काही वेगळेपण राहतेच. ते माप समजा ८ टक्के आहे, म्हणजे वर्ग ६४.

हे दुसरे माप कोठून येते, असा प्रश्न चिकित्सक वाचक विचारील, कारण खरे आकडे तर कोणासच ठाऊक नाहीत. ते असे काढतात. प्रत्यक्ष अंदाज रेषेपासून किती विखुरले आहेत ते प्रथम पाहावयाचे. त्या विखुरण्यात पाहणीची त्रुटी व जिल्ह्यांचे खरे वेगळेपण ही दोन्ही मिसळलेली असतात. पाहणीची त्रुटी ठाऊक असल्यामुळे ती वजा करावयाची, आणि उरेल ते वेगळेपण समजावयाचे.

प्रत्यक्ष अंदाजास द्यावयाचा भार आता सहज निघतो :

भार = ६४ ÷ (६४ + २२५) = ०.२२

उरलेला ०.७८ भार रेषेस जातो. ६९ ला ०.२२ ने व ५२ ला ०.७८ ने गुणून बेरीज केली की सुमारे ५६ टक्के हा अंदाज मिळतो. त्याची प्रमाण त्रुटी सुमारे ७ येते. रेषा व भार हेही अंदाजानेच काढलेले असल्यामुळे खरी त्रुटी त्याहून थोडी जास्त, समजा ८, धरावी. तरीही १५ च्या जागी ८ आले. नव्याने एकही घर न पाहता, सोळांऐवजी सुमारे छप्पन्न कुटुंबे पाहिल्याइतकी अचूकता पदरात पडली.

आता दुसरा जिल्हा घ्यावा. तेथेही प्रत्यक्ष अंदाज ६९ व रेषेचा आकडा ५२ आहे, परंतु तेथे वीस गावांतील १६० कुटुंबे पाहिली आहेत. त्यामुळे प्रत्यक्ष अंदाजाची त्रुटी पाचाच्या आत येते व तिचा वर्ग सुमारे २३ होतो. भार ६४ भागिले ८७, म्हणजे ०.७४, आणि अंदाज सुमारे ६५ टक्के. दोन्ही जिल्ह्यांचे मूळ आकडे तेच असूनही एकास ५६ व दुसऱ्यास ६५ मिळाले. यात कोणावर अन्याय झालेला नाही. दुसऱ्या जिल्ह्याने आपले वेगळेपण १६० कुटुंबांच्या साक्षीने सिद्ध केले, आणि पहिल्याकडे सोळाच साक्षीदार होते, तेही दोन गावांतले.

एखाद्या जिल्ह्यातील एकही कुटुंब पाहणीत आले नसेल, तर प्रत्यक्ष अंदाजाचा भार शून्य होऊन केवळ रेषेचा आकडा उरतो. तो उपयोगी पडतो, पण त्या जिल्ह्याचे स्वतःचे असे त्यात काहीच नसते, हे तो वापरणाऱ्याने विसरू नये.

अमेरिकेतील लहान गावांचा प्रश्न

या रीतीचा पहिला मोठा व्यवहारी उपयोग अमेरिकेत झाला, आणि तोही पैशांच्या वाटपासाठी. १९७२ सालच्या एका कायद्यान्वये तेथील मध्यवर्ती सरकारने महसुलाचा काही भाग स्थानिक संस्थांना वाटण्याचे ठरविले. प्रत्येक गावाचा वाटा ठरविताना दरडोई उत्पन्न विचारात घ्यावयाचे होते. १९७० च्या जनगणनेत उत्पन्नाचा प्रश्न पाच घरांमागे एका घरासच विचारला गेला होता. त्यामुळे ५०० वस्तीच्या गावाच्या आकड्यात प्रमाण त्रुटी सुमारे १३ टक्के आणि १०० वस्तीच्या गावात सुमारे ३० टक्के होती. अशी लहान गावे हजारोंनी होती. प्रथम ५०० हून कमी वस्तीच्या गावांना सरसकट त्यांच्या काउंटीचा, म्हणजे तेथील जिल्ह्याचा, आकडा लावण्यात आला. म्हणजे वर सांगितलेली वाकडी नळीच वापरली गेली.

पुढे जनगणना खात्यातील रॉबर्ट फे व रॉजर हेरिऑट यांनी काउंटीचे उत्पन्न, प्राप्तिकराच्या नोंदी व घरांच्या किमती यांवरून रेषा काढून तिची गावाच्या स्वतःच्या आकड्याशी भारानुसार सांगड घातली. त्यांचा लेख १९७९ साली प्रसिद्ध झाला, व आज जगभर वापरली जाणारी जिल्हापातळीवरील रीत त्यांच्याच नावाने ओळखली जाते. त्यांनी घातलेले एक बंधन लक्षात ठेवण्याजोगे आहे. नवा आकडा मूळ प्रत्यक्ष अंदाजापासून एका प्रमाण त्रुटीपेक्षा अधिक सरकू द्यावयाचा नाही. रेषेपासून खरोखरच फार निराळ्या असलेल्या गावावर रेषेचा जुलूम होऊ नये, यासाठी ही खबरदारी होती. आपल्या कल्पित जिल्ह्याचा आकडा ६९ वरून ५६ वर आला, म्हणजे १३ ने सरकला. त्रुटी १५ असल्यामुळे तो या बंधनात बसतो.

आयोवातील मका

कुटुंबांऐवजी शेतजमिनीचे तुकडे घेतले तरी गणित तेच राहते. त्याचे एक उदाहरण सर्व आकड्यांसह प्रसिद्ध झालेले आहे, आणि ते शेतीचेच असल्यामुळे येथे देणे योग्य होईल. अमेरिकेतील आयोवा राज्याच्या बारा काउंट्यांत १९७८ साली मका व सोयाबीन यांचे क्षेत्र किती, हे काढावयाचे होते. सर्व भाग सुमारे अडीचशे हेक्टरांच्या तुकड्यांत विभागलेला होता व असे ६,८०९ तुकडे होते. त्यांपैकी केवळ ३७ तुकड्यांत जाऊन शेतकऱ्यांकडून क्षेत्र विचारण्यात आले. काही काउंट्यांत तर एकेकच तुकडा होता. उलट, लँडसॅट उपग्रहाच्या चित्रांवरून प्रत्येक तुकड्यात मक्याचे व सोयाबीनचे ठिपके किती दिसतात, हे सर्वच्या सर्व तुकड्यांबद्दल ठाऊक होते. एक ठिपका म्हणजे जमिनीवरील अर्ध्या हेक्टराहून किंचित कमी क्षेत्र. येथे उपग्रहाचे ठिपके ही साहाय्यक माहिती झाली. बॅटीज, हार्टर व फुलर या तिघांनी १९८८ साली हे काम प्रसिद्ध केले.

त्यांची रेषा अशी आहे. ५१ घ्यावेत, मक्याच्या दर ठिपक्यामागे ०.३२९ हेक्टर मिळवावे व सोयाबीनच्या दर ठिपक्यामागे ०.१३४ हेक्टर वजा करावे, म्हणजे तुकड्यातील मक्याचे क्षेत्र मिळते.

सेरो गोर्डो या काउंटीत पाहणीत आलेला तुकडा एकच होता. त्यात मका होता १६५.८ हेक्टर. प्रत्यक्ष अंदाजाच्या रीतीने काउंटीतील प्रत्येक तुकड्यात सरासरी १६५.८ हेक्टर मका आहे, असेच म्हणावे लागले असते. परंतु उपग्रहाने काय दाखविले ते पाहावे. या तुकड्यात मक्याचे ठिपके ३७४ होते व सोयाबीनचे ५५. संपूर्ण काउंटीची सरासरी मात्र मक्याचे २९५ व सोयाबीनचे १९० ठिपके अशी होती. म्हणजे योगायोगाने निवडलेला तुकडा मक्याने गच्च भरलेला निघाला होता, आणि हे कळण्यास तेथे पुन्हा जाण्याची गरज नव्हती.

काउंटीच्या सरासरी ठिपक्यांवरून रेषेचा आकडा येतो सुमारे १२२.७ हेक्टर. निवडलेल्या तुकड्यासाठी रेषा १६६.७ सांगते आणि प्रत्यक्षात १६५.८ होते. अर्थात तो तुकडा रेषेहून सुमारे एका हेक्टराने कमी निघाला. एका तुकड्याच्या साक्षीस येथे सुमारे निम्मा भार मिळतो, म्हणून रेषेच्या आकड्यातून अर्धा हेक्टर वजा करावयाचा. अंतिम अंदाज सुमारे १२२ हेक्टर. काउंटीत असे ५४५ तुकडे होते. प्रत्यक्ष अंदाज तसाच स्वीकारला असता, तर मक्याच्या एकूण क्षेत्रात तेवीस हजार हेक्टरांहून अधिक फरक पडला असता. ज्या काउंट्यांत पाच तुकडे पाहिले होते, तेथे त्यांच्या साक्षीचा भार ०.८३ पर्यंत गेला, व रेषेस फारसे बोलावे लागले नाही.

कोठे चुकते व ते कसे ओळखावे

पहिली चूक भारातच होते. भार काढण्यासाठी प्रत्यक्ष अंदाजाची प्रमाण त्रुटी लागते, आणि ती त्रुटीही त्याच सोळा कुटुंबांवरून काढलेली असते. समजा, सोळाही कुटुंबे कर्जबाजारी निघाली. मग प्रमाण १०० टक्के व सूत्राप्रमाणे त्रुटी शून्य! त्रुटी शून्य म्हणजे भार पूर्ण एक, आणि रेषेस काही बोलण्याची सोयच उरत नाही. सर्वांत कमी विश्वसनीय आकड्यास सर्वांत अधिक मान मिळाला, असा हा उफराटा प्रकार होतो. म्हणून एकट्या जिल्ह्याची त्रुटी जशीच्या तशी न घेता, सर्व जिल्ह्यांच्या त्रुटी व कुटुंबसंख्या एकत्र मांडून त्यांवरून बेताची त्रुटी ठरवितात. लहान जिल्ह्यासमोर नेमका ०, १०० किंवा आश्चर्य वाटावे इतका पक्का आकडा छापलेला दिसला, तर हे काम राहून गेले आहे असा संशय घ्यावा. उलट बाजूनेही असाच घोटाळा होतो. वजाबाकी करता करता जिल्ह्यांचे वेगळेपण शून्य निघते, मग सर्व जिल्ह्यांना केवळ रेषेचेच आकडे मिळतात व पाहणी केली काय न केली काय, सारखेच होते. असे उत्तर आल्यास ते न स्वीकारता वेगळेपणाचे माप दुसऱ्या रीतीने काढावे लागते.

दुसरी चूक साहाय्यक माहिती शिळी असल्यामुळे होते. देशातील शेवटची पूर्ण झालेली जनगणना २०११ ची आहे. तिच्या आकड्यांवरून काढलेल्या रेषेस त्यानंतर सुरू झालेला कालवा किंवा बंद पडलेला साखर कारखाना ठाऊक नसतो. असा जिल्हा रेषेपासून खरोखरच दूर गेलेला असतो, आणि त्यातील कुटुंबे थोडी असल्यास रीत त्याला ओढून पुन्हा जुन्या जागी आणते. येथे गणिताचा उपाय अपुरा पडतो. प्रत्यक्ष अंदाज व रेषा यांतील अंतर ज्या जिल्ह्यांत सर्वांत अधिक आहे, त्यांची यादी करून तेथे काही नवे घडले आहे काय, हे जागेवरच विचारावे लागते. गावात हिंडणाऱ्या कार्यकर्त्याचे उत्तर यावेळी आकडेमोड करणाऱ्याच्या उत्तराहून मोलाचे ठरते.

तिसरी गोष्ट चूक म्हणण्यासारखी नाही, पण तिने गैरसमज होतो. हे अंदाज रेषेकडे ओढलेले असल्यामुळे जिल्ह्याजिल्ह्यांतील खऱ्या तफावतीपेक्षा त्यांची तफावत कमी दिसते. त्यांवरून पहिला जिल्हा कोणता व शेवटचा कोणता अशी क्रमवारी लावून बक्षिसे किंवा ठपके वाटणे गैर होय. तसेच, जिल्ह्यांच्या अंदाजांची बेरीज राज्याच्या प्रसिद्ध आकड्याशी आपोआप जुळत नाही. ती जुळवून घेण्यासाठी सर्व जिल्ह्यांचे आकडे शेवटी थोडे थोडे सरकविण्याचा प्रघात आहे.

जिल्ह्याचा आकडा हाती आला की किती गावे व किती कुटुंबे पाहिली, आकडा प्रत्यक्ष आहे की प्रतिमानावरून आलेला, त्याची प्रमाण त्रुटी किती आणि साहाय्यक माहिती कोणत्या सालची, हे त्यासोबत लिहिलेले आहे काय ते पाहावे. नसल्यास मागून घ्यावे.

मूळ नोंदीच चुकीच्या असतील तर ही रीत त्या सुधारीत नाही. कुलूप असलेल्या निवडलेल्या घराऐवजी शेजारचे उघडे घर घेतले, तर दिवसभर शेतावर राबणारी कुटुंबे पाहणीतून गळतात, आणि ही उणीव कोणत्याही भाराने भरून निघत नाही. परंतु काही चुका मात्र ती उघड्या पाडू शकते. आयोवाच्या त्याच आकड्यांत हार्डिन काउंटीचे सहा तुकडे होते. पहिल्या तुकड्यात मक्याचे २२० व सोयाबीनचे २६२ ठिपके होते. रेषा ८८.३ हेक्टर सांगते, नोंद ८८.५९ ची होती, आणि मेळ उत्तम होता. दुसऱ्या तुकड्यात मक्याचे ३४० व सोयाबीनचे केवळ ८७ ठिपके होते. रेषा १५१ हेक्टर सांगते, तरी नोंद पुन्हा ८८.५९ चीच होती. सलग दोन ओळींत दशांशापर्यंत तोच आकडा, आणि दुसऱ्या ओळीत रेषेपासून बासष्ट हेक्टरांचे अंतर. वरचा आकडा खाली उतरला गेला असावा, असा संशय येण्यास एवढे पुरे होते. त्या तिघांनी तो तुकडा वगळून उरलेल्या छत्तीसांवरच आपले गणित पुरे केले.